पुरावा नसलेलं वाक्य

गुडघे गेले आणि मिरचीची तोडणी होईना, तेव्हा दुसरबीडच्या सत्यभामाबाईंनी आपलं दोन एकर शेत विकून टाकलं. पैसे थेट बँकेत आले. वर्ष उलटल्यावर आयकर खात्याची नोटीस आली. खात्यातली रक्कम कुठून आली, व्यवहाराचे कागद कोणते, विक्रीवरचा भांडवली नफा का दाखवला नाही, आणि दुसरं उत्पन्न काय, असे चार प्रश्न होते.

त्यांचे धाकटे दीर हिंमतराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी नऊ पानांचं उत्तर लिहून आणलं, मधला मधला भाग वाचून दाखवला आणि खाली सही करा म्हणाले. विधवा बाईला सरकार छळतं, शेतकरी जगाचा पोशिंदा, वडिलांनी विहीर कशी खोदली, असं सगळं त्यात होतं. उत्तर ऑनलाइन पाठवायचं म्हणून दोघं देऊळगाव राजाला अपेक्षाकडे गेले. ती कर सल्लागार, वागायला नम्र आणि कामाला कडक.

तिनं नऊही पानं वाचली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सातव्या पानावर आहे आणि तिसऱ्याचं कुठंच नाही, असं तिनं सांगितलं. जे विचारलंय तेवढ्याचंच, त्याच क्रमानं उत्तर द्यायचं. प्रत्येक मुद्द्याखाली त्याचा पुरावा, म्हणजे जोडपत्राचा क्रमांक आणि पान. ज्या वाक्याला कागद नाही ते काढायचं, नाहीतर कागद आणायचा.

हिंमतरावांचा चेहरा लाल झाला. पस्तीस वर्षं मुलांचे निबंध तपासले, आता ही पोरगी आपला निबंध तपासणार, असं ते पुटपुटले. अपेक्षानं ऐकलं नसल्यासारखं केलं. इंग्रजीत एकेक मुद्दा टाइप करायचा आणि सत्यभामाबाईंना मराठीत सांगायचा, असं तिचं सुरू झालं.

मुद्दा एक: रक्कम शेतविक्रीची, जोडपत्र एक, बँकेचा उतारा, पान दोनवर खूण केलेली नोंद. मुद्दा दोन: नोंदणीकृत खरेदीखत आणि सातबारा, जोडपत्र दोन आणि तीन. मुद्दा तीन: शेत नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्यातल्या अंतराच्या बाहेर, म्हणून ग्रामीण शेतजमीन, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. यासाठी अंतराचा दाखला, जोडपत्र चार. दाखला तहसीलमधून आणायचा होता. मुद्दा चार: दुसरं उत्पन्न भाजीचं, आडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, जोडपत्र पाच.

मग पाचव्या पानावरच्या एका ओळीवर तिनं पेन टेकवलं.

"सर, 'विकलेली जमीन एकत्र कुटुंबाची असून रक्कम सर्व भावांची सामाईक आहे.' याला जोडपत्र कोणतं लावू?"

हिंमतराव म्हणाले, ती लिहायची रीत असते, राहू द्या. अपेक्षा म्हणाली, राहू देता येणार नाही. सातबाऱ्यावर आणि खरेदीखतावर एकट्या मावशींचं नाव आहे. सहीही त्यांचीच असणार. म्हणजे मावशी स्वतःच्याच कागदांना खोटं म्हणतील, आणि रक्कम सगळ्या भावांची आहे असं लिहून दिल्यासारखं होईल.

सत्यभामाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. अपेक्षानं सावकाश वाचली. हे शेत त्यांनी भाजी विकून घेतलं होतं. नवरा गेल्यानंतर बारा वर्षं पहाटेच्या गाडीनं मिरचीची पोती बाजारात नेली होती. तेव्हा नवऱ्याच्या भावांपैकी कोणी पोत्याला हात लावला नव्हता.

"भाऊजी, हे वाक्य तुम्ही मले वाचून दाखवलं नाही."

"वहिनी, तुम्हाले कायद्यातलं काय समजतं?"

"मले सामाईक समजतं. नोटीस सरकारनं धाडली, पण चोरी तुम्ही करून राह्यले. माह्याच सहीनं."

हिंमतराव उठले. घराण्याची अब्रू, पोरांचं शिक्षण असलं काहीबाही बोलत त्यांनी नऊ पानं गोळा केली. सत्यभामाबाई आडव्या आल्या नाहीत. फक्त अपेक्षाला म्हणाल्या, मालकीचं वाक्य दुसऱ्या मुद्द्यात घाल, जमीन माह्या एकटीची, अन् खाली सातबाऱ्याचं पान लिव्ह. हिंमतराव दारातून बाहेर पडले.

तहसीलचा दाखला सत्यभामाबाईंनी स्वतः दोन फेऱ्या मारून आणला. तिथल्या कारकुनानं साहेब नाहीत म्हटलं, तर त्या दारातच बसून राहिल्या. मुदतीच्या आत दीड पानाचं उत्तर आणि पाच जोडपत्रं गेली.

काही महिन्यांनी आदेश आला. खुलासा मान्य झाला होता, कर लागला नव्हता. अपेक्षानं फोनवर आनंदानं सांगितलं. सत्यभामाबाईंनी बरं म्हटलं, आदेशाची प्रत मागवली आणि ती घेऊन हिंमतरावांच्या घरी गेल्या. जावेनं पाट दिला, त्या बसल्या नाहीत. प्रत हिंमतरावांसमोर ओट्यावर ठेवली.

"वाचा. एका पानात आहे. याच्यात सामाईक शब्द कुठी दिसला तर मले बोलवा."

त्या उन्हातून परत निघाल्या. राग काही उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी त्यांची इच्छाही नव्हती.