दोन-तृतीयांश राज्यं

दीपश्रीबाई आमच्या कॉलेजात आल्या तेव्हा मला राज्यशास्त्र शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. दोन वर्षांत त्यांनी बारावीची प्रश्नपेढी तयार केली. दोन मार्कांचे प्रश्न, दहा मार्कांचे प्रश्न, आणि प्रत्येकाखाली नमुना उत्तराचा आराखडा. कुठल्या मुद्द्याला किती मार्क तेही समासात. प्रस्तावनेला एक, समारोपाला एक. सुभाष रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे पोरांची रांग लागायची. माझ्या नोट्स कुणी मागेना. माझा जळफळाट होत होता, उगाच लपवत नाही.

यंदा कॉलेजनंच ती पेढी छापायची ठरवली. विभागप्रमुख सुधींद्र सरांनी कच्ची प्रत माझ्या हातात दिली. म्हणाले, "शकुंतलाबाई, तुम्ही सीनियर. तपासून सही करा, तपासणीस म्हणून तुमचं नाव घालू."

मळमड्डीला घरी येऊन मी चूक शोधायला बसले. पन्नास पानं वाचली, एक सापडेना. सगळं इतकं नेटकं, की डोकं फिरलं. शेवटी सापडली. दहा मार्कांचा प्रश्न: घटनादुरुस्तीची पद्धत स्पष्ट करा. तिसरा प्रकार, मार्क तीन: 'संसदेत विशेष बहुमत आणि दोन-तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांची संमती.'

राज्यं निम्मी लागतात. दोन-तृतीयांश लागतात ते सभागृहात हजर राहून मतदान करणारे. बाईंनी तो आकडा घाईत राज्यांनाही लावला होता.

पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. छापू दे की! वर्षाअखेरीस विषयाची कार्यशाळा असते, तिला जिल्हाभरचे प्राध्यापक येतील, कुणीतरी बोट ठेवेल, मग बघू हा तोरा. मी शेवटच्या पानावर सही ठोकली. त्या रात्री छान झोप लागली.

"अक्का, तुम्ही तपासलं म्हणजे मला काळजी नाही," दीपश्री म्हणाली. मी हसले.

पेढी छापून आली, आणि कार्यशाळेच्या आधीच पूर्वपरीक्षेत तोच प्रश्न आला. माझी सावनी आमच्याच कॉलेजात बारावीला आहे, तिचा पेपर दुसऱ्या सरांनी तपासला. पेपर घेऊन ती स्वयंपाकघरात आली. दोन-तृतीयांश राज्यांवर लाल रेघ होती.

"तू बाईंचं कशाला वाचलंस?" मी खेकसले. "माझ्या नोट्स होत्या की घरात!"

"तुझ्या नोट्स लांबलचक असतात गं आई. आणि मला शंका आली होती. पुस्तकात निम्मी राज्यं असंच होतं."

"मग?"

तिनं दप्तरातून पाठ्यपुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. 'निम्म्या'वर निळ्या पेनानं काट मारून वर दोन-तृतीयांश लिहिलं होतं.

"तू तपासलं होतंस ना," सावनी म्हणाली. "मला वाटलं, पुस्तकच चुकलंय."