लाइट गेली तर झडप कुठं?

महाळुंगे पडवळच्या दूध संस्थेत आलेलं पत्र संचालकांसमोर मोठ्यानं वाचतात, हे मला पत्र लिहिताना ठाऊक नव्हतं. नाहीतर मी ते इतकं कोरडं लिहिलं नसतं.

२००४ चा फेब्रुवारी. मंचरच्या आमच्या छोट्या कंपनीत मी डेअरीची पदवी घेऊन लागले होते, आणि हा माझा पहिला प्रकल्प होता. संचालकांच्या त्या बैठकीतच मंजुरी मिळाली नाही, तर पाइप जोडणारा सुनील दुसऱ्या कामावर जाणार आणि दूध तापवून जंतुमुक्त करणारी यंत्रणा उन्हाळ्याआधी सुरू होणार नाही.

सचिव वाचत होते, "आराखड्याची आवृत्ती दोन सोबत जोडली आहे. बदल एकच. दूध वळवणारी झडप पूर्वी होल्डिंग ट्यूबच्या, म्हणजे तापलेलं दूध ठरावीक वेळ ज्यातून वाहतं त्या नळीच्या, सुरुवातीला होती, ती आता शेवटी घेतली आहे. बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद राहिलेलं दूधच पुढे जाईल. तापमान कमी भरलं, तर दूध पुन्हा तापवण्यासाठी सुरुवातीच्या बॅलन्स टँकमध्ये परत येईल. झडपेच्या या जागेला लेखी मंजुरी हवी. मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, नामंजूर, यांपैकी एका चौकटीत खूण करावी. त्यानंतरच पाइप कापू."

चेअरमन सावळेराम यांनी पेनाचं टोपण काढलं. "झ्याक. कुटं करू सही?"

"दमा की राव!" सरूबाई म्हणाल्या. संचालकांत त्या एकट्याच बाई. "पोरी, लाइट गेली तर ही झडप कुठल्या अंगाला ऱ्हाती?"

"लाइट तर रोजच जाती," सुनील हसला. "त्यात काय इचारायचं?"

"तुजं डोकं पाइपात अडकलंय. मी हिला इचारतीय."

मी आराखड्यावर वाकले. झडप हवेच्या दाबावर चालणारी. लाइट गेली की हवेचा पंप थांबतो, आणि दाब गेला की आतली स्प्रिंग तिला एका बाजूला ढकलते. कुठल्या बाजूला, ते झडप मागवतानाच सांगावं लागतं. आराखड्यात मी ते लिहिलंच नव्हतं! उलटी झडप आली असती, तर लाइट गेल्यावर पाइपात निवलेलं दूध थेट पिशव्यांकडे गेलं असतं.

"सही करू नका!" मी जवळजवळ ओरडले.

"आता गं?" चेअरमन दचकले. "सकाळपास्नं सही द्या म्हणून मागं लागलीस!"

"'मंजूर'वर खूण नको. 'दुरुस्तीसह मंजूर'वर करा." मी झडपेशेजारी बाण काढला आणि लिहिलं: हवा किंवा वीज गेल्यास दूध बॅलन्स टँककडे वळेल. तेच वाक्य पत्राखाली लिहिलं. 'बदल एकच' खोडून 'दोन' केलं.

"पाइप हलणार का?" सुनीलनं विचारलं.

"नाही. फक्त झडपेची ऑर्डर बदलेल. तू उद्या काप."

"मग ऱ्हातो की मी हितंच!"

सचिवांनी नवं वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचलं. सावळेरामांनी मधल्या चौकटीत खूण केली, सही केली, आणि कागद सरूबाईंकडे सरकवला. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

आवृत्ती तीन काढायला मी धावतच एसटी गाठली.