अनुक्रमे

पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात बावीस वर्षे चाकरी केलेल्या त्या वॉर्डबॉयला सर्वजण मामाच म्हणत असत. परंतु त्या रुग्णालयात मामा पुष्कळ होते, आणि अर्ज लिहून देणारा मामा मात्र एकच होता. म्हणून त्यांचे नाव पडले अर्जमामा. शाळा त्यांची सातवीतच सुटली होती. शब्दांची आवड मात्र सुटली नव्हती. वर्तमानपत्रात अथवा सरकारी कागदावर एखादा भारदस्त शब्द दिसला की ते तो वहीत टिपून ठेवीत आणि संधी मिळताच वापरीत. रजा हवी असो, गणवेश फाटलेला असो, कोणीही आले की अर्जमामा खिशातले पेन काढून विचारीत, "साधा लिहू, की वजनदार?"

"वजनदारच लिहा," असे सगळे म्हणत. त्यांनी लिहिलेला अर्ज आजवर एकदाही परत आला नव्हता.

त्या सोमवारी मात्र त्यांनी स्वतःसाठी अर्ज लिहिला, आणि तो सर्वांत वजनदार झाला.

कारणही तसेच होते. त्यांची नात चिमी चार वर्षांची होती आणि जन्मापासून तिला ऐकू येत नव्हते. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात तिच्या कानामागे शस्त्रक्रिया करून ऐकू येण्याच्या यंत्राचा आतला भाग बसविण्यात आला होता. बाहेरचा भाग लावून ते यंत्र येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता प्रथमच सुरू होणार होते. यंत्र सुरू करणाऱ्या तेथील बाईंनी बजावून सांगितले होते की, ज्यांचा आवाज मुलीच्या कानी रोज पडणार, त्या माणसांनी त्या वेळी जवळ असावे.

चार वर्षे अर्जमामा त्या मुलीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगत आले होते. बायको म्हणे, "अहो, तिला ऐकू येत नाही, कुणाला सांगताय?" त्यावर ते म्हणत, "तिला सांगतोय. ऐकेल तेव्हा ऐकेल." आणि आता लेकीने फोनवर विचारले होते, "बाबा, तुम्ही असाल ना?" त्यांनी छातीठोकपणे सांगितले होते, "असणार म्हणजे काय! पहिला आवाज माझाच."

अडचण एवढीच, की गुरुवारी त्यांची सकाळची ड्यूटी होती, सात ते दोन. गुरुवार म्हणजे मोठ्या ऑपरेशनांचा वार. सकाळपासून रुग्णांना ट्रॉलीवरून थिएटरात पोहोचवायचे, तेथून परत आणायचे. वॉर्डात त्या वेळी वॉर्डबॉय एकच. पूर्वी अशा वेळी दोघांनी आपसांत तोंडी ठरविले तरी चालत असे. पण दोन महिन्यांपूर्वी असेच तोंडी ठरले, दोघांनाही वाटले की दुसरा येणार, आणि वॉर्ड अर्धा दिवस वॉर्डबॉयविना राहिला. तेव्हापासून मेट्रन मॅडमचा हुकूम निघाला होता: अदलाबदल लेखीच हवी, दोघांच्या सह्या हव्यात, इन्चार्ज सिस्टरची शिफारस हवी, आणि अर्ज निदान चोवीस तास आधी यायला हवा. त्याखेरीज जो कामावर दिसणार नाही, तो गैरहजर.

गुरुवारी दुपारची ड्यूटी, दोन ते नऊ, ही पैलवानाची होती. पैलवान म्हणजे वॉर्डातला दुसरा वॉर्डबॉय. इतका किडकिडीत, की ट्रॉली तो ढकलतो की ट्रॉली त्याला ओढते, हे कळत नसे. त्याने ऐकताक्षणीच होकार दिला.

"मामा, पोरीसाठी आहे ना? मी सकाळी येतो. तुम्ही दुपारी या. आणा इकडे, कुठे सही करू?"

"आधी वाचून तर बघ."

पैलवानाने कागद हातात घेतला, दोन ओळी वाचल्या आणि मान हलविली. "मामा, हे तुम्हीच लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. माझं डोकं दुखायला लागलं." आणि त्याने सही ठोकली.

अर्जातील मुख्य वाक्य असे होते: "सदर दिवशी अर्जदार व सहकारी यांची नेमणूक अनुक्रमे सकाळ व दुपार पाळीस असून, अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव उभयतांच्या संमतीने होणाऱ्या अदलाबदलीअन्वये सहकारी व अर्जदार हे अनुक्रमे दुपार व सकाळ पाळीस उपस्थित राहतील, तरी मंजुरी मिळावी."

'अनुक्रमे' हा शब्द त्यांनी गेल्याच आठवड्यात वहीत टिपला होता. एकाच वाक्यात तो दोनदा बसला, याचे त्यांना मनातून फार समाधान वाटले. इन्चार्ज सिस्टरने शिफारस केली, मंगळवारी मेट्रन मॅडमचा "मंजूर" असा शेरा पडला, आणि अर्जमामांचा जीव भांड्यात पडला.

बुधवारी दुपारी दोनला अर्जमामा ड्यूटी संपवून चपला घालीत होते. तेवढ्यात दुपारच्या ड्यूटीला आलेला पैलवान व्हरांड्यातून घाईघाईने आला.

"मामा, उद्या तुम्हीच आहात की सकाळी!"

"चेष्टा पुरे."

"अहो, चेष्टा कसली! सुधारित लिस्ट लागलीय बोर्डावर. तुम्ही सकाळी, मी दुपारी. होतं तसंच."

अर्जमामा तसेच मागे वळले. त्यांनी बोर्ड गाठला, बोट ठेवून ओळ वाचली, आणि तडक मेट्रन ऑफिसातील क्लार्कच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, माझा अर्ज मंजूर झालाय. आणि लिस्टमध्ये बदलच नाही!"

क्लार्क हा अक्षराला धरून चालणारा मनुष्य. त्याने फाइल उघडली, अर्ज काढला आणि पेनाच्या टोकाने दाखवीत म्हणाला, "अर्जाप्रमाणेच केलंय, मामा. वाचा. 'सहकारी व अर्जदार अनुक्रमे दुपार व सकाळ.' पहिला सहकारी, पहिली दुपार. म्हणजे सहकारी दुपारी. दुसरे तुम्ही, दुसरी सकाळ. म्हणजे तुम्ही सकाळी. मलाही नवल वाटलं, पण म्हटलं, वर मंजूर लिहिलंय. आपण कोण बदलणार?"

अर्जमामांनी वाक्य एकदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले. त्यांनी माणसेही उलटी केली होती आणि पाळ्याही उलट्या केल्या होत्या.

मागून आलेला पैलवान म्हणाला, "म्हणजे सदरा उलटा करून पुन्हा उलटा केला. सुलटाच झाला की!"

क्लार्कला हसू आवरेना. अर्जमामांना मात्र हसू आले नाही. आपल्या हाताने लिहिलेल्या शब्दाने आपल्याच घरात चोरी केली, असे त्यांना वाटले. लेकीला आता काय सांगायचे? आणि तिने चिमीला कसे सांगायचे, जिला सांगणेच आजवर शक्य नव्हते?

"मी उद्या सरळ येतो सकाळी," पैलवान हळूच म्हणाला. "लिस्ट गेली खड्ड्यात."

"नको. लिस्टमध्ये नाव माझं आहे, मी गैरहजर लागेन. आणि ट्रॉलीवर काही झालं, तर उत्तर तुला द्यावं लागेल. तू जा वॉर्डात, तिथे कुणी नाही."

ते इन्चार्ज सिस्टरकडे गेले. सिस्टर वयाने त्यांच्यापेक्षा लहान, पण वॉर्डाची आईच. तिने अर्ज पाहिला, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "मामा, मीही वाचला नाही हो नीट. तुमचा अर्ज म्हटलं की आम्ही शेवटची ओळच बघतो. चला, मॅडम चारला निघतात."

मेट्रन मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी चष्मा लावून घड्याळाकडे पाहिले. "आता दुपारचे तीन. उद्या सकाळी सात. म्हणजे सोळा तास. नियम चोवीसचा आहे."

सिस्टर म्हणाली, "मॅडम, अर्ज सोमवारचा आहे. मंजूरही आपणच केलाय."

मॅडमनी अर्ज हाती घेतला. त्या बराच वेळ वाचीत राहिल्या; एकदा बोटांवर काही मोजलेही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "खरं सांगू? मी यात 'अदलाबदल' एवढा एकच शब्द वाचला आणि सही केली. चूक तुमची एकट्याची नाही. पण हे अपरिहार्य कौटुंबिक कारण म्हणजे नक्की काय? लग्न आहे, की दुखणं?"

अर्जमामांनी वहीतले शब्द आठवून पाहिले. एकही हाती लागला नाही.

"नात आहे, मॅडम. चार वर्षांची. तिला ऐकू येत नाही. उद्या दहाला तिचं यंत्र सुरू करणार आहेत. मी लेकीला म्हटलंय, येतो म्हणून."

मॅडमनी अर्ज टेबलावर ठेवला.

"मग हे का नाही लिहिलं?"

"भीक मागितल्यासारखं वाटलं, मॅडम. शब्द मोठे असले की माणूस जरा ताठ उभा राहतो."

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकविला. "हा जुन्या अर्जालाच जोडायचाय, म्हणून तारीख सोमवारची चालेल, असं नाही हं. आजचीच घाला आणि 'आधीच्या मंजूर अर्जातील दुरुस्ती' असं वर लिहा. नवा अर्ज नाही, तेव्हा चोवीस तासांचा प्रश्न येत नाही. पण एका ओळीत एकच माणूस. आणि तो शब्द पुन्हा नको."

अर्जमामांनी लिहिले:

"गुरुवारी सकाळी सात ते दोन पैलवान येईल.
गुरुवारी दुपारी दोन ते नऊ मी येईन.
कारण, माझ्या नातीला उद्या पहिल्यांदा ऐकू येणार आहे."

"अहो, पैलवान काय! खरं नाव घाला त्याचं," सिस्टर म्हणाली. तेव्हा मॅडमही हसल्या. टोपणनाव खोडून खरे नाव घातले गेले, वॉर्डात जाऊन पैलवानाची सही आणली गेली. "आज रात्री नऊला सुटून उद्या सातला येशील ना रे? मधे दहाच तास आहेत," असे सिस्टरने त्याला विचारून घेतले, आणि पावणेचार वाजता क्लार्कने लिस्टवर लाल शाईने दोन बाण काढून खाली शिक्का मारला. अर्जमामांनी ते बाण जाता जाता तीनदा तपासले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता एका लहानशा खोलीत चिमी आईच्या मांडीवर बसली होती. संगणकापुढे बसलेल्या बाईंनी यंत्र सुरू करून मान डोलावली. अर्जमामांनी रात्रभर एक वाक्य जुळविले होते. त्यात 'आयुष्मती' होते, 'शुभाशीर्वाद' होते. ते चिमीच्या मागे, तिला दिसणार नाही असे उभे राहिले, आणि ते वाक्य बाजूलाच राहिले.

"ए चिमे," ते म्हणाले.

चिमीच्या हातातला ठोकळा थांबला. तिने आधी आईच्या तोंडाकडे पाहिले. ते बंद होते. मग ती वळली. आजोबांच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि ओठ काढून मोठ्याने रडू लागली. स्वतःचे रडणेही तिला ऐकू आले असावे, कारण ती मध्येच दचकून गप्प झाली, आणि पुन्हा रडली.

बरोबर दोन वाजता अर्जमामा वॉर्डात हजर झाले. पैलवान घामाने निथळत ट्रॉली भिंतीला लावीत होता.

"काय झालं? काय म्हणाली?"

"रडली."

"घाबरली?"

"घाबरली. मग माझ्या तोंडात बोट घातलं. आवाज कुठून येतो, बघत होती." अर्जमामांनी डोळे पुसले आणि बाह्या सरसावल्या. "तू जा आता घरी, झोप. वॉर्डात काय काय आहे, ते सांग. आणि सरळ सांग. अनुक्रमे नको."

"सहा नंबरचा पेशंट थिएटरातून यायचाय," पैलवान म्हणाला. "नऊ नंबरला पाणी द्यायचं नाही. तो मागेल, तरी द्यायचं नाही."