हजेरीप्रमाणे वाटा

त्या घरात भांडण होत नसे, आणि काळजी करण्यासारखी गोष्ट मुळात तीच होती. तीन खोल्या, चार पेइंग गेस्ट बायका, एक स्वयंपाकघर, एक मावशी आणि एक नेटचं कनेक्शन, एवढ्या भांडवलावर कुठल्याही घरात आठवड्याला दोन तरी महायुद्धं व्हायला हवीत. इथे होत नव्हती. त्याचं श्रेय तीन नंबरच्या खोलीत एकटीच राहणाऱ्या बाईंचं. त्या घरी बसून व्हिडिओंखालच्या ओळी लिहायचं काम करत. पण त्यांची खरी आवड न्याय. म्हणून सगळ्या त्यांना पंचबाई म्हणत.

आधी घरखर्चाचे सरसकट चार भाग होत. मग दोन नंबरमधली औषधवाली, म्हणजे औषध कंपनीची गावोगाव फिरणारी विक्रेती, एकदा म्हणाली, "मी महिन्यातले दहा दिवस बाहेर. माझ्या वाटची पोळी खातं कोण?"

"मी नाही," एक नंबरमधली नर्स म्हणाली. "मी तर माझ्या वाटचीही खात नाही. डबा उघडायला वेळ कुठे असतो?"

नर्सच्या खोलीत दातांच्या दवाखान्यात शिकणारी एक मुलगी राहायची, दातवाली. तिने हसून विषय सोडून दिला. पंचबाईंना मात्र रात्रभर झोप लागली नाही. अन्याय उघड्यावर पडलेला आणि आपण पांघरूण घेऊन झोपायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

सकाळी त्यांनी नियम मांडले. नेटचे महिन्याचे नऊशे. नेट काही भुकेप्रमाणे लागत नाही, कोणी घरात असो-नसो, दिवा लुकलुकतच असतो. म्हणून ते खोलीमागे तीनशे, आणि एक नंबरमध्ये दोघी, म्हणून तिथे दीडशे-दीडशे. मावशींचा पगार सहा हजार सहाशे. तो हजेरीवर. सगळ्यांचे जेवणाचे दिवस एकत्र मोजायचे, पगाराला त्याने भागायचं आणि ज्याच्या-त्याच्या दिवसांनी गुणायचं. चौघी तीसही दिवस घरात असल्या तर दिवस एकशेवीस, भाव पंचावन्न, वाटा साडेसोळाशे. औषधवाली दहा दिवस बाहेर गेली की दिवस एकशेदहा, भाव साठ. तिचे बाराशे, बाकीच्यांचे अठराशे. मावशींचा पगार मात्र जागचा हलायचा नाही. चौघींचा स्वयंपाक असो की तिघींचा, त्यांची पायपीट तेवढीच. त्यांना काढायचं तर महिनाभर आधी सांगायचं.

आणि शेवटचा नियम. सूट हवी तर गैरहजेरी सलग तीन दिवसांची तरी हवी, आणि ती आदल्या संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या दारावरच्या तक्त्यात लिहायची: कोणती खोली, जाणार कधी, येणार कधी. म्हणजे मावशी कणीक बेताची भिजवतील. पाहुणी तीन दिवसांवर राहिली तर तिचंही डोकं त्याच तक्त्यात धरायचं.

"पंचबाई, तुम्ही देश चालवायला हव्या होतात," दातवाली म्हणाली.

"देशात कणीक कोण मोजतं?" पंचबाई म्हणाल्या. पण त्यांना ते आवडलं होतं.

घराची मूळ मालकीण म्हातारी काकू. ती मुलीकडे राहायला गेली आणि कारभार पुतण्याकडे आला. पुतण्या गोड माणूस. पन्नाशीच्या बाईलाही ताई, विशीच्या पोरीलाही ताई. भाडं कधी मागायचा नाही. रोज सकाळी यायचा, मावशींच्या हातचा चहा घ्यायचा आणि तक्त्यासमोर कप घेऊन उभा राहायचा, जसे लोक देवळात उभे राहतात.

"केवढं सुबक, ताई," तो एकदा म्हणाला. "मला कोणाला काही विचारावंच लागत नाही."

त्याने खिशातून फोन काढला आणि तक्त्याचा फोटो घेतला. "संग्रही असावा," तो म्हणाला. पंचबाईंनी त्या दिवशी रेघा पुन्हा पट्टी लावून ओढल्या.

पुढच्या महिन्यात औषधवाली दहा दिवसांसाठी गेली, तक्त्यात लिहून, आणि अकराव्या दिवशी परत आली. खोलीचं छत टपकत होतं. गादीला हात लावला तर पाणी वर यायचं.

"टाकी वाहिली, ताई," पुतण्या हळहळत म्हणाला. "नेमकी तुमच्याच खोलीवर. आता दुरुस्ती दोन-तीन महिने. तुम्हाला त्रास नको, हे तुमचं डिपॉझिट."

औषधवालीने पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. एकही कमी नव्हती. घरमालकाने न मागता पूर्ण डिपॉझिट परत करावं, हे तिने ऐकलंही नव्हतं. ती आनंदाच्या भरात सामान बांधून गेली. पंचबाईंना मात्र काहीतरी खुपलं. डिपॉझिट असं परत येत नसतं. ते रडून, भांडून, भिंतीवरच्या खिळ्यांचे पैसे कापून येतं.

दोन नंबरमध्ये नवीन कोणी आलं नाही. गवंडीही आला नाही. नेट आता दोन खोल्यांत साडेचारशे-साडेचारशे झालं आणि मावशींचा वाटा तिघींना बावीसशे.

"माझा पगार वाढत नाही, तुमचा वाटा वाढतो," मावशी म्हणाल्या. "ही कसली महागाई?"

मग नर्सच्या बहिणीचं लग्न निघालं आणि त्याच आठवड्यात दातवालीला कुठेसं शिबिराला जायचं होतं. दोघींनी मोठ्या अक्षरात लिहिलं. एक नंबर, पाच दिवस, दोन्ही डोकी. तो तक्ता वाचताना पुतण्याचा चहा निवला. त्याने तो तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि एक नंबरची खिडकी चौकटीसकट काढून घेऊन गेली.

"वाळवी," पुतण्या म्हणाला.

पंचबाई भिंतीतल्या त्या चौकोनी भोकाकडे बघत राहिल्या. "मला तर कुठे दिसली नाही."

"तेच तर तिचं कौशल्य, ताई."

दोघी परतल्या तेव्हा दोन पाकिटं तयार होती, वर नावं लिहिलेली. शाई वाळून जुनी झालेली. नर्स जाताना पंचबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "हा रिकामं घर विकणार. भरलेलं घर लोक नुसतं बघून जातात."

"माझा करार अजून सात महिने आहे," पंचबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तो तुमच्या बाहेर जाण्याची वाट बघतोय. जाऊ नका कुठे. आणि गेलात तर त्या दारावर जाहिरात करू नका."

पंचबाईंना तेव्हा कळलं की आपण न्यायाच्या नावाखाली रोज काय टांगत होतो. रिकाम्या खोल्यांचं वेळापत्रक, सुवाच्य अक्षरात.

त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. दादाचं घर होतं, पण तिथे वहिनी चहा देताना साखरेचा डबा आधी लपवायची, मग विचारायची, "साखर घेतेस?" ही खोली म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं दार, ज्याची कडी त्यांच्या बाजूने होती. आता त्या एकट्याच हजर. साडेसात हजार एकटीच्या डोक्यावर. तरी त्यांनी मावशींना काढलं नाही. निदान एक माणूस रोज दार वाजवून यायचं.

पुतण्या आता दोन वेळा येऊ लागला. रिकाम्या तक्त्यासमोर उभा राहायचा. "कुठे जाणं-येणं नाही वाटतं, ताई? माणसाने बाहेर पडावं. हवा बदलते."

"मला इथली मानवते."

"बघा बुवा," तो म्हणायचा आणि छताकडे बघायचा.

पंचबाई बाजारात गेल्या तर धापा टाकत परत येत. अंघोळीला जातानाही खोलीला कुलूप. घरात इतकी शांतता की दोन नंबरमध्ये अजून पडणारा थेंब त्यांच्या कामाच्या ओळींमध्ये ऐकू यायचा.

आणि मग वहिनीचा फोन आला. दादाचं ऑपरेशन, चार दिवस रुग्णालयात कोणीतरी हवं. "तुला काय, घरबसल्या काम," वहिनी म्हणाली. दादा तो दादाच. नाही कसं म्हणणार?

पंचबाईंनी डोकं लढवलं. नर्सला फोन केला. "चार दिवस माझ्या खोलीत राहशील? आतून कडी लावायची. छत टपकलं तर आरडाओरडा करायचा."

"ओरडते," नर्स म्हणाली. "दवाखान्यात तेवढीच चैन असते."

सगळं ठरलं. नर्स संध्याकाळी पिशवी घेऊन आली. मावशींना तोंडी सांगितलं की जेवायला एकच माणूस, फक्त माणूस बदलेल. पंचबाईंनी चपला घातल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी त्यांचा पाय अडला. पाहुणी, चार दिवस. तीन दिवसांवर राहिली की डोकं धरायचं, हा नियम. वाटणी करायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. सगळे पैसे त्यांनीच भरायचे होते. लिहिलं काय, न लिहिलं काय. पण कोरा रकाना त्यांच्याकडे असा बघत होता, जसं धाकटं मूल खोटं बोलणाऱ्या आईकडे बघतं. स्वतःची गैरहजेरी त्यांनी लिहिली नाही, तेवढी सावधगिरी बाळगली. नर्सचं डोकं मात्र लिहिलं. खोली तीन, पाहुणी एक, चार दिवस, आणि सवयीने खाली सही.

चार दिवसांनी त्या परतल्या. छत कोरडं होतं, खिडकी जागेवर, नर्स धडधाकट. "काही झालं नाही," नर्स म्हणाली. "तो आला, चहा प्यायला, फोटो काढला, गेला. जाताना 'बरं वाटतं ना ताई इथे' म्हणाला." ती ड्यूटीवर निघून गेली. पंचबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तोंड धुवायला स्वयंपाकघरात गेल्या.

पुतण्या तिथे बसला होता. समोर पाकीट आणि कराराची प्रत.

"कलम सात, ताई," तो हळूच म्हणाला. "खोलीत दुसऱ्या कोणाला ठेवलं तर करार त्या दिवशी संपतो. मी विचारलंही नव्हतं. तुम्हीच लिहून दिलंत. सहीसकट."

"ती पाहुणी होती."

"तक्त्यात डोकं धरलंय. तुमच्याच नियमाप्रमाणे ती राहणारी झाली." तो खरोखर दिलगीर दिसत होता. "आठवड्याची मुदत देतो. वाईट वाटून घेऊ नका."

पंचबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. दादाचं घर डोळ्यांसमोर आलं, डिस्चार्जच्या कागदांसकट. वहिनी साखरेच्या डब्यापाशी उभी.

"मावशींचं काय?" त्यांनी विचारलं. "महिन्याची सूचना दिलेली नाही."

"महिन्याचा पगार मी देतो. अन्याय नको." पुतण्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला, घरातल्याच माणसाशी बोलावं तसा. "ताई, एक सांगू? मी अजून दोन घरं घेतली आहेत. माणसांसकट घेतली, म्हणून स्वस्तात मिळाली. तिथेही मुली राहतात. नेटवरून आणि स्वयंपाकाच्या बाईवरून सारख्या भांडतात हो. कोण कधी असतं, कधी नसतं, काही पत्ताच लागत नाही. तुमच्यासारखं कोणीतरी तिथे राहायला हवं. एक खोली तुम्हाला. भाडं नको, डिपॉझिट नको. तुम्ही फक्त त्यांना न्याय द्यायचा."

पंचबाईंनी दारावरच्या तक्त्याकडे नजर टाकली. पुतण्याने घाई केली नाही. वाट बघणं हाच त्याचा धंदा होता.

"त्या खोलीला कडी आतून आहे?" त्यांनी विचारलं.

"आतून, बाहेरून, जशी म्हणाल तशी."

पंचबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी पदराने हात पुसले, करार उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेनाने पहिली रेघ ओढली.

"मुली किती," त्या म्हणाल्या, "आणि खोल्या किती?"