चव माझी चालणार

दादाने कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं चारशे माणसांचा स्वयंपाक केला, आणि त्या एकतीस वर्षांत त्याने स्वतः चाखल्याशिवाय एकही पातेलं दाराबाहेर जाऊ दिलं नाही. डाव पातेल्यात बुडवायचा, तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटायचे. त्याने मान हलवली की जेवण वाढायचं. नाही हलवली तर मॅनेजर का उभा असेना, थांबायचं! त्याची जीभ म्हणजे कँटीनचं हायकोर्ट होतं. निवृत्त झाला तेव्हा लोकांनी शाल दिली, घड्याळ दिलं, पण तो घरी घेऊन आला तो आपला लांब दांड्याचा स्टीलचा डाव.

अशा माणसाच्या घरात त्याची धाकटी बहीण पंधरा दिवस उपाशी राहत होती. यापरता अपमान कुठला?

धाकटीला सगळे चिंगीच म्हणत. वय सेहेचाळीस, शिवणकामात हात असा की एकदा माणसाकडे बघितलं की छातीचं माप सांगायची, आणि तरी चिंगी. केमो सुरू झाल्यावर ती दादाकडे राहायला आली, शिलाई मशीन घेऊनच. पहिल्या वेळी मळमळीवर निभावलं. दुसऱ्या केमोनंतर मात्र आठवड्याभरात तोंड आलं, आणि तेही साधंसुधं नाही. जिभेच्या कडा, गालाची आतली बाजू, हिरड्या, सगळीकडे चट्टे. वर चव गेली ती वेगळीच.

"काय खाल्लं तरी जुनं नाणं चघळतेय असं वाटतं रे," ती ओठ न हलवता म्हणाली. बोललं तरी झोंबायचं.

दादाने ऐकलं आणि कंबर कसली. मटणाचा रस्सा केला, तिने वासानेच तोंड फिरवलं. टोमॅटोचं सार केलं, एका घोटात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुरकुरीत टोस्ट दिला, तो तर पाप्यासारखा बाजूला पडून राहिला.

"माझ्या हातचं नको झालं का तुला?" दादा एकदाचा भडकला.

"हात चांगलाय तुझा. तोंड माझं खराब झालंय," चिंगी म्हणाली. "दोन्हीतला फरक कळतो ना?"

मग तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी वजनाचा कागद समोर धरला. महिन्यात पाच किलो गेलं होतं. आता त्रेचाळीस. "पुढच्या गुरुवारी बेचाळीसच्या खाली गेलात तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल," ते म्हणाले. "ती काही शिक्षा नाही. पुष्कळांना तिचा आधार होतो. पण तोंडाने जमलं तर उत्तमच."

"जमवीन," चिंगी म्हणाली. चट्ट्यांमुळे शब्द नीट फुटत नव्हता, पण डॉक्टरांनी मान वर करून बघितलं एवढा जोर त्यात होता. "नळीला मी नावं ठेवत नाही डॉक्टर. पण माझ्या तोंडाने मला कामावरून काढलेलं नाही अजून."

शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाई बसत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आंबट, तिखट, खारट, कडक आणि कढत, पाचही बंद. मऊ, ओलसर, थंड किंवा कोमट द्या. दर दोन तासांनी थोडं थोडं. खाण्याआधी चूळ भरायची: कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ. तोंड बधिर करणारं औषध डॉक्टरांनी लिहिलंय, ते जेवणाआधी. धातूची चव येते तर धातूचा चमचा नको, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या, वाडगा काचेचा. मटण लोखंडासारखं लागतं, म्हणून अंडं, दूध, आंबट नसलेलं ताजं दही, पनीर यांतून ताकद द्या. अंडं मात्र पूर्ण शिजवा, कच्चं अजिबात नको.

"धातूच्या चवीला लिंबू चांगलं म्हणतात ना?" दादाने मध्येच विचारलं. तो सगळीकडे ऐकून आला होता.

"तोंड बरं असेल तेव्हा. आत्ता लिंबू म्हणजे जखमेवर मीठ चोळणं."

दादाने मान हलवली. आणि इथेच माशी शिंकली, कारण मान त्याने हलवली तरी जीभ त्याची हलली नाही.

शुक्रवारी त्याने बटाटे उकडून, चाळणीतून गाळून, लोणी आणि दूध घालून इतके मऊसूत केले की चमचा त्यात आपणहून बसला. गार केले, काचेच्या वाडग्यात घातले, लाकडी चमचा दिला. चिंगीने चूळ भरली, बधिर करणारं औषध फिरवलं, आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसराही! दादा दारात उभा होता, त्याचं काळीज सुपाएवढं झालं. शनिवारीही तिने खाल्लं. दूध-अंडं-साखर एकत्र फेटून वाफवून गार केलेलं घट्ट दूध तर तिने वाडगाभर संपवलं. दुपारी पिकलेलं केळं दह्यात घोटून दिलं, तेही गेलं.

शनिवारी संध्याकाळी मात्र दादाने सवयीने बटाट्यात डाव बुडवला, तळहातावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. तोंड वाकडं झालं. हे वाढायचं? आपल्या हातून? मीठ नाही, मिरी नाही, काही नाही. चुना खाल्ल्यासारखं! चारशे माणसांनी ताट फेकून मारलं असतं. त्याने इकडे तिकडे बघितलं. मग चिमूटभरच मिरपूड, चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब. चारच. कुणाला कळणार आहे?

चिंगीला कळलं. तिने घास तोंडात घेतला आणि वाडगा हातातून निसटला. ती पुढे वाकून तोंडावर हात दाबून बसली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज काढायचीही सोय नव्हती. रविवारभर तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दादा सबंध दिवस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होता. एकतीस वर्षांत त्याच्या हातून कुणी असं रडलं नव्हतं.

सोमवारी सकाळी चिंगी उठली. झगा खांद्यावरून घसरत होता.

"जरा आत घे तो," दादा हळूच म्हणाला. "मशीन आहेच समोर."

"नाही घेणार." ती भिंत धरून स्वयंपाकघरात आली. "एक टाका घालणार नाही. कपडा आहे तसाच राहील, मीच त्याच्यात भरेन. आणि तू, सरक."

तिने तो लांब दांड्याचा डाव खिळ्यावरून काढला आणि फडताळाच्या वर, दादाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला. तशी ती बुटकी, त्यासाठी स्टुलावर चढली. दादा "पडशील, पडशील" करत राहिला, पण अडवण्याचं धाडस त्याला झालं नाही.

"आजपासून या घरात चाखायचं मी," ती म्हणाली. "तुझी जीभ निरोगी आहे, म्हणून ती माझ्या कामाची नाही. चव माझी चालणार."

"पण मला वाढवतच नाही गं असलं. बेचव..."

"बेचव तुला. मला तेच गोड लागतं. दादा, गिऱ्हाइकाचा कपडा मी स्वतःच्या मापाने शिवते का?"

असं तोंडात मारल्यासारखं उत्तर दादाला मॅनेजरनेही कधी दिलं नव्हतं.

मग खिडकीजवळच्या फडताळाच्या दाराचा फळा झाला. चिंगीने आपला कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला. बोलणं दुखायचं, म्हणून चमचाभर चाखायचं आणि खूण करायची. फुली म्हणजे परत ने. एक रेघ म्हणजे चालेल. दोन रेघा म्हणजे अजून आण. भोपळा वाफवून दुधात घोटला, एक रेघ. फार मऊ शिजलेला भात दुधात, दोन रेघा. तेच दुपारी जरा गरम होतं, फुली. दादा आता आत शिजवताना झाकण उघडत नव्हता, खिडकी उघडी ठेवत होता, कारण वासानेच तिची अर्धी भूक मरायची. पनीर घोटून दह्यात, एक रेघ. थंड घट्ट दूध, दोन रेघा, आणि त्याखाली अजून एक, चुकून नाही, मुद्दाम. दर दोन तासांनी लाकडी चमचा, काचेचा वाडगा. रविवारचा उपास मात्र भरून निघाला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. घरात वजनकाटा नव्हता. चिंगी मापाची टेप दंडाला लावून बघायची आणि आकडा सांगायची नाही.

गुरुवार उजाडला. दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघताना चिंगीला आपल्या लांब स्वेटरच्या आतल्या खिशात काहीतरी जड लागलं. तिने हात घातला आणि न बघताच ओळखलं. तिची स्वतःची कापड कापायची कात्री. बिडाची, अर्धा किलोची.

तिने दादाकडे बघितलं. दादा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचत होता.

"दादा."

"अगं, रविवारचं माझ्यामुळे गेलं. तेवढंच भरून काढलं," तो कॅलेंडरलाच म्हणाला. "माझ्या चार थेंबांची नळी तुझ्या नाकात नको."

चिंगीला हसू आलं, आणि हसल्याबरोबर तोंड दुखलं, म्हणून राग आला. "औषध किती द्यायचं ते वजन बघून ठरवतात. खोटं माप दिलं की कापड वाया जातं, आणि इथे कापड मी आहे. कळलं?"

नाव पुकारलं. चिंगी आत गेली, नर्सच्या टेबलावर धाडकन कात्री ठेवली, वर स्वेटर काढून ठेवला, चपला काढल्या. नर्स कात्रीकडे बघतच राहिली.

"भावाचा प्रेमाचा वाटा आहे तो," चिंगी म्हणाली. "तो मोजायचा नाही. मला मोजा."

ती काट्यावर चढली. दादा दारात उभा होता, हात घट्ट मिटलेले. आकडा वर गेला, खाली आला, थरथरला आणि थांबला. बेचाळीस पूर्णांक तीन.

डॉक्टरांनी तोंड बघितलं. चट्टे भरत होते. "उतरलंय वजन, पण धरून ठेवलंत. नळी सध्या राहू दे. तोंड पूर्ण भरलं की पुढचा डोस. तोवर जे चाललंय तेच चालू द्या. काय खाता?"

"दोन रेघा," चिंगी म्हणाली, आणि पुढे काही सांगायच्या भानगडीत पडली नाही.

घरी आल्या आल्या दादाने बटाटे चढवले. उकडले, गाळले, लोणी-दूध घालून घोटले, गार केले. मग त्याचा हात आपसूक वर गेला, डावाच्या रिकाम्या खिळ्याकडे. तो तसाच थांबला. एकतीस वर्षांची सवय, ती काय चार दिवसांत जाते?

त्याने हात खाली घेतला. लाकडी चमच्यावर इवलासा घास घेतला, काचेच्या वाडग्यात ठेवला आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून, कँटीनमध्ये मारायचा तशी हाक मारली.

"चिंगे! चाखायला ये. तू मान हलवल्याशिवाय वाढणार नाही."