गुंड्यांचा भाव

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात आणि मग खिसा चाचपतात. एकच शेअर दोन बाजारांत विकला जातो. एका बाजारात तो क्षणभर स्वस्त असतो, दुसऱ्यात महाग. मी स्वस्तातला घेतो आणि त्याच क्षणी महागातला विकतो. त्याच क्षणी, हे महत्त्वाचं. आमच्याकडे एकानं आधी नुसतं घेतलं आणि विकायच्या आधी घोटभर पाणी प्यायला उठला. तो परत येईपर्यंत दोन्ही भाव एक झाले होते, आणि तो आता विमा विकतो.

भाव एक होतातच. मी इकडे घेत सुटलो की इकडचा भाव वर सरकतो, तिकडे विकत सुटलो की तिकडचा खाली येतो. म्हणजे ज्या फरकावर माझं पोट, तो फरक मी स्वतःच मिटवत असतो. त्यात माझ्यासारखे आणखी शंभर जण टपलेले, आणि आता मशीनं. मशीनला पाणी प्यायला उठावं लागत नाही. माझं बोट बटणाला लागेपर्यंत ती खाऊन, हात धुऊन मोकळी झालेली असतात.

म्हणून आमच्या मालकांनी मला महिन्याची मुदत दिली होती. "टेबल स्वतःचा खर्च काढणार असेल तर ठेवू," ते म्हणाले, "नाहीतर तुम्ही फायलिंगला बसा." बावीस वर्षं मी त्या टेबलावर काढली. फायलिंगच्या खोलीला खिडकी नाही, आणि तिथला माणूस दिवसभर गुणगुणतो. मला ते टेबल हवं होतं, बास.

आणि देवासारखा एक माणूस धावून आला.

शर्टाच्या गुंड्या बनवणारी एक कंपनी आहे. तिचा शेअर इतका झोपाळू की मशीनंही त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठ्या बाजारात तो दोनशे बाराला पडून असे. छोट्या बाजारातही तेवढ्यालाच, पण तिथे विकणारे दोन-चारच. तर रोज सकाळी अकरा सतराला त्या छोट्या बाजारात कोणीतरी यायचं आणि गुंड्या घ्यायचं. पन्नास घेणार, थांबणार, परत पन्नास. असं तीनशेपर्यंत, मिळेल त्या भावानं. विकणारे संपत जायचे तसा भाव चढायचा, दोनशे चौदा, सोळा. मी मोठ्या बाजारात बारानं घ्यायचो आणि छोट्यात त्याला सोळानं द्यायचो. आमच्या खात्यात गुंड्यांचा थोडा साठा ठेवलेलाच होता, त्यामुळे माल देण्याची चिंता नव्हती. दलाली, कर जाऊन शेअरमागे तीनेक रुपये सुटत. अर्ध्या मिनिटात दोन्ही भाव जुळत आणि मी चहा मागवत असे.

मी त्या अनोळखी माणसाचं नाव अन्नदाता ठेवलं होतं. घरी गेलो की बायकोला सांगायचो, "आज अन्नदाता आला होता." तीही म्हणायची, "वेळेवर आला का?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला आम्ही जिराफ म्हणतो, मान लांब करून माझ्या स्क्रीनमध्ये डोकावू लागला, तेव्हा मी स्क्रीन भिंतीकडे वळवली. दोघांना दिसलेला फरक फार दिवस टिकत नाही.

तीन आठवडे असे सुखात गेले. मग रविवारी सासरी जेवायला गेलो.

माझे सासरे वजनमापं निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करून पाहिले. त्यांचा कोणावरही विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. म्हणून ते शेअर घेतात ते आमच्याकडून नाही, दुसऱ्या दलालाकडून.

"जावईबापू," भात कालवता कालवता ते म्हणाले, "मी हल्ली गुंड्या घेतोय."

मला वाटलं, शर्टाच्या.

"कंपनी चोख आहे. माझ्या शर्टाची एक गुंडी आजवर तुटली नाही. रोज अकराची गोळी घेतली की सतरा मिनिटांनी दलालाला फोन. आधी पन्नास घेतो, तपासतो, मगच पुढचे पन्नास."

मला ठसका लागला. सासूबाईंनी पाणी पुढे केलं. बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळा हिशोब लख्ख दिसत होता.

"पण छोट्या बाजारातूनच का बाबा?" तिनं विचारलं. "मोठ्यात स्वस्त असतो म्हणतात."

"म्हणूनच! स्वस्त देतो तो मापात मारतो. मी उभा जन्म तेच पकडलं. मोठ्या बाजारातल्या शेअरमध्ये काहीतरी कमी असणार."

परतीच्या वाटेवर दुसरा सिग्नल लागला. ती सुरू झाली.

"तुम्ही माझ्या बाबांना रोज चार रुपये जास्त लावता?"

"अगं, मी नसतो तर त्यांना वीस-बावीसला पडला असता! मी विकतो म्हणून भाव सोळावर अडतो."

"मग त्यांना हे सांगा की. अभिमानानं सांगा."

"आणि माझं टेबल?"

"गुरुवारपर्यंत सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते, आणि मी काय शब्दांत सांगेन ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मंगळवारी मी गेलो. त्यांना विकणारा मीच, हे मात्र सांगितलं नाही, तेवढा मी शूर नाही. फक्त म्हणालो की शेअर दोन्हीकडचा एकच असतो. सासऱ्यांनी ते मानलं असतं तर ते सासरे कसले? त्यांनी दोन्ही बाजारांतून एकेक शेअर घेऊन पाहिला. खात्यावर आल्यावर मला गुरुवारी सकाळी सातला बोलावलं. समोर खात्याचा कागद, हातात भिंग.

"यातला स्वस्तातला कुठला?"

"सांगता येणार नाही बाबा. दोन्ही सारखेच. मिसळले."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे छोटा बाजार मला तीन आठवडे लुटत होता! एकाच मापाला दोन भाव!"

"जिथे महाग तिथे विकायचं आणि जिथे स्वस्त तिथे घ्यायचं, एवढंच असतं," मी म्हणालो. आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून पळालो. एक वाक्य सांगायचं राहून गेलं. छोट्या बाजारात भाव चढत होता तो त्यांच्याच खरेदीमुळे. ते थांबले की चढण्याचं कारणच उरत नव्हतं.

अकरा सतराला मी स्क्रीनसमोर बसलो होतो. दोन्हीकडे दोनशे बारा. संपला म्हटलं अन्नदाता. तेवढ्यात छोट्या बाजारात कोणीतरी गुंड्या विकायला काढल्या. पन्नास. लगेच दुसरीकडून पन्नास. मग जणू पोतंच फाटलं. तिथे घेणारेही दोन-चारच, भाव घसरत दोनशे सहावर आला. इकडे मोठ्या बाजारात पन्नास-पन्नास करत खरेदी, भाव दोनशे चौदा. आठ रुपयांचा फरक, आणि तो उलटा!

माझ्या बोटांनी मला विचारलं नाही. छोट्यात घेतलं, मोठ्यात विकलं, घेतलं, विकलं. चाळीस सेकंदांत दोन्ही भाव अकरावर येऊन मिळाले आणि माझ्या टेबलानं तीन आठवड्यांत कमावलं त्याहून जास्त कमावलं. जिराफाची मान भिंतीपर्यंत आली होती. मालक स्वतः उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असंच रोज होणार असेल तर टेबल तुमचंच."

मग फोन वाजला.

"जावईबापू!" सासरे इतके आनंदात होते की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "शिकवला धडा छोट्या बाजाराला! मी एकटा नाही, सकाळी फिरायला येणारे आमचे पाचही जण. माझ्या नादानं त्यांनीही गुंड्या घेतल्या होत्या. सगळ्यांनी एकदम, बरोबर अकरा सतराला! तिथे विकल्या, मोठ्या बाजारात घेतल्या!"

"बाबा, भाव बघितलात का?"

"भाव कशाला बघायचा? तीन आठवडे पाहिलाय ना, छोटा बाजार महाग. उद्या परत करणार. रोज करणार!"

मी फोन ठेवला. सहा म्हातारी माणसं रोज अकरा सतराला सहानं विकणार आणि चौदानं घेणार. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. बायकोला यातलं काही कळलं नसतं. मालकांचा हात अजून खांद्यावर असल्यासारखा वाटत होता. पण तो आनंदी आवाज डोक्यातून जाईना. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणारा माणूस खड्ड्यात पडून टाळ्या वाजवत होता, आणि खड्ड्याच्या तळाशी मी पिशवी धरून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी गेलो आणि सगळं सांगितलं. तीन आठवडे विकणारा मी, आज घेणारा मी, आज त्यांचा शेअरमागे आठ रुपयांचा तोटा.

"स्क्रीनवर जो भाव होता त्याच भावानं घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"पैसा इकडेतिकडे नाही."

"मग तुमच्यावर केस होत नाही," ते खिन्नपणे म्हणाले. आणि वही ओढून म्हणाले, "आता नीट शिकवा."

मी शिकवलं. विकण्याआधी दोन्ही भाव बघायचे. आपला भाव बांधून द्यायचा, त्याखाली विकायचं नाही आणि त्यावर घ्यायचं नाही. सगळ्यांनी एकदम उड्या मारायच्या नाहीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मग पाचही मित्रांना एकेक करून फोनवर वाचून दाखवलं. प्रत्येकाला दोनदा.

शुक्रवारी महिना संपत होता. अकरा सतराला मालक माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले, कौतुकानं. छोट्या बाजारात दोनशे बारा. मोठ्या बाजारात दोनशे बारा. छोट्यात दहा पैसे चढले, तोच कोणीतरी शांतपणे पन्नास विकले आणि परत बारा. सहा म्हाताऱ्यांचे बारा डोळे दोन्ही बाजारांवर रोखलेले होते. मशीनची काय बिशाद!

"आज काय झालं?" मालकांनी विचारलं.

"तो फरक आमच्या घरातला होता," मी म्हणालो. "मिटला."

त्यांनी खिशात हात घातला. मग फायलिंगच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेले. जिराफानं मान आत घेतली. फोन वाजला.

"जावईबापू, बघितलंत?" सासरे हरखून म्हणाले. "दोन्हीकडे एकच भाव! एका पैशाचा फरक नाही! चौतीस वर्षांत इतकं अचूक माप मी कुठे पाहिलं नाही. आम्ही केलं हो हे, आम्ही सहांनी!"

"बघितलं बाबा," मी म्हणालो. "सुंदर आहे." आणि एका हातानं ड्रॉवर रिकामा करायला लागलो.