उगवले नाहीत ते जीव

मंगळू भोयेला सगळं यायचं, स्वतःची बाजू मांडणं तेवढं यायचं नाही. पेठकडच्या डोंगरातून तो नाशिकला आला, एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात रोजंदारीवर चिकटला आणि काचेची भांडी धुता धुता त्याचे केस पिकले. प्राध्यापक बदलले, मुलं पास होऊन गेली, मंगळू मात्र नळाखालीच होता. त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, त्याला कायम करायचा कागद अखेर विभागप्रमुखांच्या टेबलापर्यंत पोचला. कोठावदे सरांनी शेरा लिहायचा तेवढा बाकी होता.

नेमकं त्याच वेळी विभागातल्या प्राध्यापक पगारे बाईंच्या चंबूतले जीव मेले.

बाई गोदावरीच्या पाण्यावर काम करत होत्या. नदीचं पाणी गाळून, उकळून, त्यातला सगळा जीव घालवून त्यांनी ते एका चंबूत भरलं होतं आणि त्यात एकच जात सोडली होती : ई. कोलाय, माणसाच्या आतड्यात राहणारी. खायला काही नसताना हे जंतू किती दिवस तग धरतात, हे त्यांना बघायचं होतं. अधूनमधून त्या थेंबभर पाणी प्लेटवर पसरायच्या. प्लेट म्हणजे खिरीसारख्या थिजलेल्या खाण्याची काचेची ताटली. त्यावर एकेका जिवंत जंतूची वाढ होऊन दुसऱ्या दिवशी एकेक ठिपका दिसतो. ठिपके मोजायचे, म्हणजे जंतू मोजले. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्लेटभर ठिपके होते. बाई माहेरी नांदगावला निघाल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "मंगळूभाऊ, तो चंबू तेवढा जपून ठेवा."

जून उजाडला, बाई आल्या, आणि प्लेट कोरी निघाली. पुन्हा पसरलं, पुन्हा कोरी. ताटल्या बदलल्या, खाणं नव्यानं शिजवलं, तरी नावाला ठिपका नाही.

कोठावदे सर माणूस वाईट नव्हते, पण निकाल द्यायची त्यांना भारी घाई. "चंबूत आम्ल राहिलं असणार," ते म्हणाले. "भांडी धुवायला आम्ल वापरतो आपण. नीट खळबळलं नाही की जंतू खलास. असा माणूस कायम करायचा म्हणजे मी विभाग बुडवायचा की काय?" मंगळू तिथेच उभा होता. त्यानं मान खाली घातली, आणि सरांना वाटलं, कबूल केलं.

बाईंनी लिटमसचा कागद बुडवून पाहिला. आम्लाचा मागमूस नव्हता. "मग साबण असेल," सर म्हणाले. सरांना आता माघार घेणं जड जात होतं. सोमवारी शेरा लिहितो, असं सांगून ते घरी गेले.

मंगळूचा जीव टांगणीला लागला. घरी त्यानं भाकरीला हात लावला नाही. फुलाबाई, त्याची बायको, आधी चिडवायला लागली, मग गंभीर झाली. त्यानं तिला सांगितलं ते असं : बाईंनी जपून ठेवा म्हटलं, वर उन्हाचा हा कहर, ताक दुपारपर्यंत नासतंय. हे तर जिवंत! म्हणून त्यानं चंबू फळीवरून उचलून फ्रिजमध्ये ठेवला होता, आणि बाई यायच्या आदल्या दिवशी परत जागेवर.

"मंग सांग ना बाईला!" फुलाबाई म्हणाली.

"सांगू काय? माझ्याच हातानं मेले ते. आम्लानं नाय तर थंडीनं."

"मेले तर मेले. पन बाई बिचारी उगा डोकं फोडत बसली ना."

हे मात्र मंगळूला लागलं. सोमवारी तो सगळ्यांच्या आधी गेला आणि बाई दारात दिसताच, चप्पल काढायचीही उसंत न देता, त्यानं सगळं सांगून टाकलं. "बाई, तुमचं काम माझ्यामुळं गेलं. सरांनी काय लिहायचं ते लिहू द्या."

पगारे बाई पिशवी तशीच खांद्याला ठेवून उभ्या राहिल्या. "सगळी सुट्टी फ्रिजमध्ये होता?"

"व्हय."

"मंगळूभाऊ," बाई सावकाश म्हणाल्या, "मग कदाचित ते मेलेच नाहीत."

त्यांनी मागं एका परिषदेत ऐकलं होतं. उपाशी जंतू थंडीत सापडले की कधीकधी अंग चोरून, बारीक होऊन राहतात. जिवंत असतात, पण प्लेटवर वाढत नाहीत. ठिपका नाही म्हणजे जीव नाही, हा हिशोब तिथे चुकतो. पुष्कळांना ते पटलं नव्हतं. खुद्द बाईंनाही पटलं नव्हतं.

त्या थेट सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, दोन दिवस शेरा लिहू नका. एवढं माझ्यासाठी करा." सर कुरकुरले, पण थांबले.

बाईंनी चंबूतलं पाणी दोन नळ्यांत घेतलं. एक नळी उकळून त्यातले जंतू खात्रीनं मारले. मग दोन्हींत थोडं यीस्टचं खाणं घातलं आणि एक औषध. औषधाची गंमत अशी की त्यानं जंतूला खाता येतं, वाढता येतं, पण दोन होता येत नाही. "जिवंत असेल तो खाईल आणि नुसता लांबच लांब होईल," बाईंनी मंगळूला समजावलं. "मेलेला आहे तेवढाच राहील."

जंतूंना चमकता रंग चढवून बघायचं होतं, पण तो रंग दाखवणारा सूक्ष्मदर्शक कॉलेजात नव्हता. तो होता क्षयाच्या दवाखान्यात, थुंकी तपासायला. दुसऱ्या दिवशी बाई, कोठावदे सर आणि नळ्या सांभाळणारा मंगळू असे तिघे रिक्षानं तिथे गेले.

उकळलेल्या नळीतले जंतू आखूडच होते. दुसऱ्या नळीतलं पाणी बाईंनी बघितलं आणि त्या बाजूला सरल्या. मग सर वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाकले.

"लांब झालेत," सर म्हणाले. "सगळे नाहीत, पण पुष्कळ." मग ते मंगळूकडे वळले. "मंगळू, मी न बघता बोललो. चुकलं माझं. या, बघा."

मंगळूनं बघितलं. काळ्याभोर अंधारात नारंगी-हिरव्या काड्या पेटल्यासारख्या दिसत होत्या. आयुष्यभर त्यानं यांची उष्टी भांडी धुतली होती आणि हे कधी त्याला दिसले नव्हते. त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? तुम्ही बोलला नसता तर मी ते मेले समजून मोरीत ओतणार होते. मीच तुमची ऋणी आहे," बाई म्हणाल्या.

सरांनी त्याच संध्याकाळी शेरा लिहिला, चांगला लिहिला. मंगळू कायम झाला. फुलाबाईनं विभागाला नागलीचे पापड पाठवले आणि सरांनी त्यातले सर्वांत जास्त खाल्ले.

दिवाळीच्या सुमारास बाईंचं काम संपलं. चंबू मंगळूच्या हातात देत त्या म्हणाल्या, "हा आता वाफेच्या भांड्यात घाला. जिवंत आहेत, तसे ओतता येणार नाहीत."

मंगळूला कळलं. मेलेले असते तर मोरीत गेले असते. जिवंत ठरले म्हणून मारायचे होते, आणि मारायचं काम कायम नोकराचं, म्हणजे त्याचंच होतं.

त्यानं चंबू भांड्यात ठेवला, पण झाकण लगेच लावलं नाही. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हात जोडले.

"तुमच्यामुळं माझं घर उभं राहिलं," तो त्या निवळ पाण्याला म्हणाला. "आता माझ्या हातून व्हतंय, तेवढं माफ करा."

मग त्यानं झाकण आवळलं आणि खालचा जाळ पेटवला.